तेरीज जुळत नाही तेव्हा: फरकाचा आकडा, सस्पेन्स आणि चार पर्याय

२०१२ च्या एप्रिल-मेमध्ये मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत पेढीवर दिवाणजींच्या हाताखाली बसत होते. बारावी झाली होती, डिसेंबरला सीपीटी, म्हणजे सीएसाठीची तेव्हाची प्रवेश परीक्षा, द्यायची होती, आणि घरी बसून तीच ती गणितं सोडवण्यापेक्षा खऱ्या वह्या बघ म्हणून मामानं तिथं चिकटवून दिलं होतं. पेढीचा रोजमेळ आणि खातेवही तेव्हा हातानंच लिहिली जायची. मार्चअखेरची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिल्लकांची यादी, जिच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, ती नेमकी माझ्या वाट्याला आली, आणि ती ५,४०० रुपयांनी फसली. जमा बाजू जास्त, नावे बाजू कमी.

मी लगेच म्हटलं, "दिवाणजी, नावे बाजूला ५,४०० चं सस्पेन्स टाकते." कॉलेजात तेच शिकवलेलं. सस्पेन्स म्हणजे चूक सापडेपर्यंत फरक तात्पुरता ठेवायचं खातं. पुस्तकात त्याला उचंत खातं, निलंबन खातं अशी नावं दिसतात, पण बोलताना सगळे सस्पेन्सच म्हणतात. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. "टाकशील गं. पण आधी शोध तरी. आणि शोधायच्या आधी आकडा नीट बघ."

त्यांनी बेदाण्याच्या जुन्या पट्टीच्या मागच्या बाजूला तीन आकडे लिहिले. ५,४००. त्याखाली २,७००. त्याखाली ६००.

पहिला म्हणजे फरक जसाच्या तसा. ५,४०० ची एखादी रक्कम रोजमेळात आहे आणि तिची खतावणीच राहिली, म्हणजे ती खातेवहीत उतरलीच नाही, किंवा कुठल्या खात्याची तेवढी शिल्लक तेरजेत उतरवायची राहून गेली, असं झालं तर फरक पूर्ण रकमेइतका येतो. दुसरा म्हणजे फरकाची निम्मी. २,७०० ची नोंद नावेऐवजी जमेला गेली, तर नावे बाजू २,७०० नं कमी होते आणि जमा बाजू तेवढीच वाढते, म्हणजे फरक दुप्पट दिसतो. बँक ओव्हरड्राफ्टची शिल्लक सवयीनं नावे रकान्यात लिहिली की हेच होतं, फक्त उलट बाजूनं. तिसरा आकडा म्हणजे फरक भागिले नऊ.

नऊचा नियम बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. नऊनं भाग गेला की आकड्यांची अदलाबदल, एवढंच पाठ असतं. पण भागाकार काय आला तेही बघायचं असतं. इथं ६०० आले. सहा आणि पुढं दोन शून्यं, याचा अर्थ हजार आणि शेकड्याच्या जागचे दोन आकडे उलटसुलट झालेत आणि त्या दोन आकड्यांत सहाचा फरक आहे. ८,२५० चे २,८५० झाले तर फरक बरोबर ५,४०० येतो. ९,३०० चे ३,९०० झाले तरी तोच. म्हणजे सगळी खातेवही चाळायची गरज नाही. ज्या रकमांमध्ये हजार आणि शेकड्याच्या जागी ८ आणि २, ७ आणि १, ९ आणि ३, किंवा ६ आणि ० आहेत, तेवढ्याच बघायच्या.

मी अख्खी संध्याकाळ त्या बघितल्या. काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी विचारलं, "आणि शून्य?" नऊनं भाग जाण्याचं दुसरं कारण म्हणजे शून्य गाळणं किंवा वाढवणं. ६,००० चे ६०० झाले तर फरक ५,४०० च येतो, आणि नऊनं भागलं की ती लहान रक्कमच हातात येते. वहीत ६०० शोधायला गेले तर दहा मिनिटांत सापडलं. रोजमेळात हमाली ६,००० पडली होती, हमाली खात्यात खतावताना ६०० लिहिली गेली होती. नावे बाजू ५,४०० नं कमी. अक्षर माझंच होतं, त्यामुळे त्यावर फार चर्चा झाली नाही.

ही युक्ती कुठं थकते तेही सांगून टाकते. ती एकाच चुकीसाठी आहे. चुका दोन-तीन असल्या की त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन जो फरक उरतो, तो काहीही बोलतो. तेव्हा उलटं चालायचं: आधी तेरजेच्या बेरजा, मग खात्यांच्या शिल्लका तेरजेत नीट आणि योग्य रकान्यात उतरल्या का, मग प्रत्येक खात्याची शिल्लक, मग गेल्या वर्षीच्या शिल्लका बरोबर पुढे ओढल्या का, मग सहाय्यक पुस्तकांच्या बेरजा, आणि अगदी शेवटी एकेक खतावणी. शेवटचं काम सगळ्यात लांबलचक, म्हणून शेवटी.

आता परीक्षेकडे येते, कारण तिथं शोधायला वही नसते. चूक प्रश्नातच लिहून दिलेली असते, आणि विचारलेलं असतं की सस्पेन्स खात्याचं काय. सीपीटीला चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापायचे, त्यामुळे अंदाजपंचे ठोकायची सोय नव्हती. माझे सराव प्रश्नपत्रिकेतले निम्मे गुण या एकाच प्रकरणात जायचे. आणि कारण एकच होतं: मी चूक कोणत्या प्रकारची आहे हे आठवत बसायचे. वगळण्याची, लेखनाची, तत्त्वाची, भरपाईची. प्रकार पाठ असून काही होत नाही, कारण वगळण्याची चूक तेरीज बिघडवते पण आणि नाही पण. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चूक एका बाजूला लागली की दोन्ही बाजूंना?

आणि ते ठरतं चूक कुठल्या पुस्तकात झाली यावर.

विक्री पुस्तक घ्या. उधारीचं प्रत्येक बिल त्यात चढतं. तिथून ग्राहकाच्या खात्यात एकेक रक्कम नावे पडते, आणि महिनाअखेरची बेरीज एकदम विक्री खात्याला जमा होते. आता ४५० चं बिल विक्री पुस्तकातच ५४० असं चढलं, तर ग्राहकाच्या खात्यात ५४० जाणार आणि बेरजेतही ५४० च धरले जाणार. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या, तेरीज जुळते, सस्पेन्सचा संबंध नाही. बिल पुस्तकात चढलंच नाही तरी तसंच. पण बिल पुस्तकात ४५० च आहे आणि ग्राहकाच्या खात्यात खतावताना ५४० पडले, तर फक्त नावे बाजू ९० नं फुगली. तेरीज बिघडली, सस्पेन्स आलं. आणि पुस्तकातली बेरीजच चुकली तर फक्त विक्री खातं चुकतं, ग्राहकांची खाती जागच्या जागी, म्हणून तेही एकतर्फी.

म्हणून प्रश्न वाचताना मी "विक्री पुस्तकात नोंदवले" आणि "च्या खात्यात खतावले" या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावून घेतली. रक्कम तीच, माणूस तोच, पण या दोन शब्दांनी उत्तर बदलतं. प्रश्न काढणारे मुद्दाम दोन्ही एकापाठोपाठ देतात.

माझ्या वहीत तेव्हा सोडवलेलं एक उदाहरण अजून मी नवीन मुलांना देते. एका दुकानाच्या तेरजेची नावे बाजू ४,८६,३९० आणि जमा बाजू ४,८३,१५०. नावे ३,२४० नं जास्त, म्हणून तेवढी रक्कम सस्पेन्स खात्याला जमा टाकली. सस्पेन्स नेहमी कमी पडणाऱ्या बाजूला जातं, एवढं इथं पक्कं करायचं. आता फरकाशी खेळून बघा. नऊनं भागलं तर ३६० येतात. एक आकडा आणि पुढं शून्यं असं ते नाही, म्हणजे शेजारशेजारच्या दोनच आकड्यांची अदलाबदल असूच शकत नाही. शून्याचा संशय मात्र राहतो, ३६० आणि ३,६००. तो खोटा निघतो, कारण मागं तीन चुका आहेत आणि चौथी लपलेली.

पहिली: एका पुरवठादाराला रोख ३,४५० दिले, रोख पुस्तकात बरोबर लिहिलं, पण त्याच्या खात्याला नावे ४,३५० खतावले. दुसरी: सुरेशकडून ६७० चा माल परत आला, विक्री परत पुस्तकात बरोबर चढला, पण सुरेशच्या खात्याला जमेऐवजी नावे पडला. तिसरी: विक्री पुस्तकाची बेरीज १,००० नं कमी धरली. चौथी: उपस्कराच्या, म्हणजे फर्निचरच्या, दुरुस्तीचे २,००० उपस्कर खात्याला नावे टाकले.

प्रत्येक चुकीला मी तीन गोष्टी विचारते: काय झालं, काय व्हायला हवं होतं, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला त्या खात्यात काय करावं लागेल. पुरवठादाराच्या खात्यात ९०० जास्त नावे गेले, म्हणजे ९०० जमा करायचे. रोख खात्यात काहीच बिघडलेलं नाही, मग दुसरी बाजू कुणाची? सस्पेन्सची. सस्पेन्स नावे ९००, पुरवठादार जमा ९००. दुरुस्तीच्या नोंदीत जिथं दुसरं खातं सापडत नाही, तिथं सस्पेन्स बसतं, बाकी त्याचं काही गूढ नाही.

सुरेशचं जरा सावकाश. परीक्षेत ते असं येतं.

सुरेशकडून परत आलेला ६७० रुपयांचा माल त्याच्या खात्याच्या नावे बाजूला खतावला गेला. दुरुस्तीची नोंद कोणती?
अ) विक्री परत नावे ६७०, सुरेश जमा ६७०
ब) सस्पेन्स नावे ६७०, सुरेश जमा ६७०
क) सस्पेन्स नावे १,३४०, सुरेश जमा १,३४०
ड) सुरेश नावे १,३४०, सस्पेन्स जमा १,३४०

सुरेशच्या खात्यात ६७० जमा हवे होते, तिथं ६७० नावे आहेत. आधी चुकीचे ६७० खोडायला ६७० जमा, मग खरे ६७० जमा. एकूण १,३४०. उत्तर क. चारही पर्याय कुणाला धरायला ठेवलेत ते बघा. "अ" ज्यानं मूळ व्यवहाराची नोंद पुन्हा केली त्याच्यासाठी, आणि त्यात विक्री परत खातं, जे बरोबरच होतं, ते बिघडतं. "ब" ज्याला दुप्पट सुचलं नाही त्याच्यासाठी. "ड" ज्यानं दुप्पट केलं पण घाईत बाजू उलटी धरली त्याच्यासाठी. मी पहिल्या सरावात "ब" लावला होता. फरकाची निम्मी करून चूक शोधायची, हे पेढीवर शिकले होते. तीच गोष्ट उलट्या दिशेनं लावली की दुरुस्ती दुप्पट होते, हे डोक्यात यायला आठवडा गेला.

विक्री पुस्तकाचं सोपं: विक्री खातं १,००० नं कमी जमा आहे, म्हणून सस्पेन्स नावे १,०००, विक्री जमा १,०००. सस्पेन्सच्या नावे बाजूला आता ९००, १,३४० आणि १,००० झाले, बेरीज ३,२४०. जमेला ३,२४० होतेच. खातं बंद.

आणि चौथी चूक जिथल्या तिथं आहे! दुरुस्ती खर्च नावे, उपस्कर जमा, २,०००. इथं सस्पेन्स कुठंच येत नाही, कारण नावेतलं नावेतच चुकलं होतं. सस्पेन्स शून्य झालं म्हणजे सगळ्या चुका सापडल्या, असा पर्याय दिला असेल तर तो चूक.

याच उदाहरणावर एक प्रश्न सहज विचारतात आणि बरेच जण अडकतात: दुरुस्तीनंतर तेरजेची बेरीज किती? मुलं ४,८६,३९० लावतात, कारण सस्पेन्स टाकून दोन्ही बाजू तेवढ्याच झाल्या होत्या. पण सुरेशची नावे शिल्लक १,३४० नं कमी होणार, म्हणजे नावे बाजू ४,८५,०५०. जमेकडे विक्रीचे १,००० आणि पुरवठादाराचे ९०० वाढणार, ४,८३,१५० अधिक १,९००, तेही ४,८५,०५०. आधीच्या दोन्ही बेरजांपैकी एकही खरी नव्हती. इथं सुरेशची शिल्लक नावे आणि पुरवठादाराची जमा आहे असं धरलंय, प्रश्नात तसं असतं.

नफ्यावरचा परिणाम विचारला की सस्पेन्सकडे बघूच नका. कोणतं खातं नफा-तोटा पत्रकात जातं एवढंच बघा. विक्री वाढली १,००० नं, दुरुस्ती खर्च वाढला २,००० नं. सुरेश आणि पुरवठादार ताळेबंदात जातात, त्यांचा नफ्याशी संबंध नाही. नफा १,००० नं कमी होणार. सस्पेन्समध्ये ३,२४० असून नफ्यात फक्त १,०००, आणि तेही ज्या चुकीनं सस्पेन्सला हात लावला नाही तिच्यामुळे उतरतीकडे. उपस्करावरचा घसारा प्रश्नात दिला असेल तर तोही धरावा लागतो, नसेल तर नाही. चूक पुढच्या वर्षी सापडली असं लिहिलं असेल तर विक्री आणि दुरुस्ती खर्चाच्या जागी नफा-तोटा समायोजन खातं येतं. सुरेश मात्र सुरेशच राहतो.

आणखी एक जागा सांगते, कारण तिथं मी खरंच एक गुण घालवला. रोख पुस्तकातला सुटीचा, म्हणजे सवलतीचा, रकाना. रोख आणि बँकेचे रकाने म्हणजे खातीच असतात, त्यांची शिल्लक काढतात. सुटीच्या रकान्याची शिल्लक काढत नाहीत, तो नुसती आठवण म्हणून असतो. ग्राहकाच्या खात्यात रोख आणि सूट दोन्ही जमा पडतात, पण दिलेली सूट या खात्याला नावे पडायला नावे बाजूच्या रकान्याची बेरीज वेगळी खतवावी लागते. समजा ती १८५ होती आणि राहून गेली. तेव्हा नावे बाजू १८५ नं कमी, सस्पेन्स नावे बाजूला उघडलं जाणार, आणि दुरुस्ती म्हणजे दिलेली सूट नावे १८५, सस्पेन्स जमा १८५. मी तेव्हा व्यवहारच नोंदला नाही असं समजून "परिणाम नाही" लावलं होतं. बेरीज राहणं आणि व्यवहार राहणं यातला फरक इथं सगळ्यात उघड दिसतो. व्यापारी सूट मात्र बिलातच वजा होते, तिचं खातंच नसतं, म्हणून ती प्रश्नात दिसली तरी तिच्यामागे लागायचं नाही.

नंतर नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात मला दुसराच धक्का बसला. टॅलीमध्ये दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय व्हाउचरच सेव्ह होत नाही, त्यामुळे खतावणीची एकतर्फी चूक तिथं जवळजवळ होतच नाही. तेरीज न जुळण्याचं एक दृश्य मात्र उरलंय. सुरुवातीच्या शिल्लका हातानं भरताना एखादी चुकली की तेरजेत `Difference in opening balances` अशी ओळ येते. ती दिसली की मी अजून आधी दोननं आणि मग नऊनं भागते.

आणि तरीही ऑफिसात `Suspense A/c` या गटाखाली रकमा पडलेल्या असतात. त्या तेरीज जुळवायला टाकलेल्या नसतात. बँकेत १२,००० जमा झाले, कुणाचे ते स्टेटमेंटवरून कळेना, मग बँक नावे, सस्पेन्स जमा. नोंद दोन्ही बाजूंनी पूर्ण असते, फक्त माणूस सापडलेला नसतो. ग्राहकाचा फोन आला की सस्पेन्स नावे, ग्राहक जमा. परीक्षेतलं सस्पेन्स तेरजेच्या फरकातून जन्मतं, ऑफिसातलं ओळख न पटलेल्या पैशातून, पण ३१ मार्चला उरलं तर दोन्ही ताळेबंदात जातात. जमा शिल्लक असेल तर देयतेच्या बाजूला, नावे असेल तर मालमत्तेच्या. गेल्या मार्चला आमच्याकडे देयतेच्या बाजूला एक ओळ होती, साडेसात हजारांची. ऑडिटरांनी तिच्यासमोर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.